मेडिक्लेमवर लिहिणाऱ्यांचं लेखक-पान: शीर्षकात आणि वर्णनात खरा अनुभव कसा दाखवायचा

आरोग्य किंवा पैसा यांवर लिहिणाऱ्या मराठी साइटींची लेखक-पानं सर्चमध्ये शोधून पाहा. नाव, नावापुढे ‘तज्ज्ञ’, मग उभी रेघ आणि साइटचं नाव, असा एकच साचा दिसतो. खाली दोन ओळींत ‘अनेक वर्षांचा दांडगा अनुभव’, ‘हजारो कुटुंबांना मार्गदर्शन’ वगैरे. वाचून काय कळलं? काहीच नाही. हेच शब्द शेअर बाजाराच्या टिपा विकणाराही वापरतो आणि वजन कमी करायची पावडर विकणाराही.

गुगलच्या भाषेत हे विषय ‘योर मनी ऑर योर लाइफ’ या गटात मोडतात, म्हणजे चुकीच्या माहितीने माणसाच्या तब्येतीचं किंवा खिशाचं नुकसान होऊ शकतं असे विषय. निकालांचा दर्जा तपासायला गुगल जी माणसं नेमतं, त्यांच्यासाठीच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये कौशल्य, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला ‘प्रत्यक्ष अनुभव’ हाही निकष आला. तेव्हापासून अनुभव ‘दाखवायची’ घाई सुरू झाली आणि त्यातून वर सांगितलेला साचा फोफावला. एक गोष्ट आधीच सांगतो: या तपासनिसांच्या गुणांनी एखाद्या पानाचा क्रमांक थेट वर-खाली होत नाही, आणि लेखक-पानाचं शीर्षक बदलल्याने लेख पहिल्या पानावर येईल असं कोणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. हे पान त्या वाचकासाठी असतं, जो लेख अर्धा वाचून थांबतो, लेखकाचं नाव सर्चमध्ये टाकतो आणि ‘ही बाई कोण? हिचं का ऐकायचं?’ हे तपासतो.

एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. मुलुंडच्या एक ताई आहेत. मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवर त्यांनी २००९ ते २०२३ काम केलं. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था, आणि तिच्याशी रुग्णालयाचा व्यवहार या डेस्कवरून चालतो. आता मेडिक्लेमच्या कॅशलेस क्लेमबद्दल मराठीत लिहितात. त्यांच्या विषयात आरोग्यही आहे आणि पैसाही. त्या डॉक्टर नाहीत, विमा एजंटही नाहीत. त्यांच्याकडे दाखवायला पदवी नाही, पण ज्ञान खरं आहे. अशा लेखकाचं पान लिहिणं सगळ्यात अवघड, म्हणून हेच उदाहरण.

## आधी कागदावर: हातून नेमकं काय गेलं?

शीर्षकाला हात लावण्यापूर्वी लेखकाला बसवून प्रश्न विचारायचे. ‘किती वर्षांचा अनुभव?’ हा प्रश्न सर्वांत कमी कामाचा. त्यापेक्षा हे विचारा: रोज कोणते कागद हातात यायचे? त्यातले कोणते तुम्ही स्वतः भरायचात? कुठे सही तुमची असायची? निर्णय कोणाचा असायचा? आणि काय तुम्ही कधीच केलं नाही?

ताईंच्या पहिल्या मसुद्यात ‘क्लेम मंजुरी तज्ज्ञ’ असं लिहिलेलं होतं. ते त्यांच्या भाच्याने लिहून दिलं होतं. निर्णय कोणाचा, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “मंजुरी मी कुठे देत होते? मंजुरी टीपीएकडून यायची. मी प्री-ऑथचा, म्हणजे उपचारांच्या खर्चाला आधी मंजुरी मागायचा, फॉर्म डॉक्टरांकडून भरून घेऊन पाठवायचे, क्वेरी आली की तिचं उत्तर तयार करायचे, आणि डिस्चार्जच्या दिवशी फायनल बिल पाठवून बसायचे नातेवाइकांची बोलणी खात.” शीर्षक आणि वर्णन दोन्ही या उत्तरात आहेत. ‘मंजुरी तज्ज्ञ’ हे खोटं ठरलं असतं आणि टीपीएत काम केलेल्या कोणाही वाचकाने ते पहिल्या ओळीत पकडलं असतं.

मग मी विचारलं, क्वेरी सगळ्यात जास्त कशावरून यायच्या? त्यांनी सांगितलेला तपशील असा. रुग्ण दाखल होताना निवासी डॉक्टर केसपेपरवर जुन्या आजारांची नोंद करतात. घरचं कोणीतरी घाईत सांगतं, ‘बीपी आहे, झाली असतील दहा वर्षं.’ तो ‘दहा वर्षं’ कागदावर उतरतो. पॉलिसी चार वर्षांपूर्वीची असेल आणि फॉर्ममध्ये बीपी लिहिलेला नसेल, तर टीपीए लगेच विचारतो की बीपीचं निदान झालं तेव्हाचा पहिला कागद आणा. प्रत्यक्षात गोळ्या तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या असतात, पण आता ते सिद्ध करायची जबाबदारी घरच्यांवर. हा तपशील डेस्कवर बसलेल्यालाच माहीत असतो, पुस्तकं वाचून लिहिणाऱ्याला नाही. तो लेखक-पानाच्या मजकुरात हवाच. अनुभव आहे असं सांगणाऱ्या दहा विशेषणांपेक्षा असा एक परिच्छेद जास्त पटतो.

यात रुग्णाचं नाव, महिना, वॉर्ड, आजाराचं विशिष्ट वर्णन असं काही येऊ द्यायचं नाही. रुग्णालयाचं नाव घालायचं असेल तर आधी त्यांची लेखी परवानगी घ्या. ती नसेल तर ‘मुंबईतलं खासगी रुग्णालय’ पुरेसं आहे. नेमणूकपत्र आणि अनुभवाचा दाखला स्वतःजवळ ठेवा, कोणी विचारलं तर हाताशी असावा.

## लेखक-पानाचं शीर्षक

शीर्षकात तीनच गोष्टी बसवायच्या: पूर्ण नाव, कामाचं साधं नाव आणि काळ. ताईंसाठी आम्ही केलेले मसुदे, नापसंत ते पसंत या क्रमाने:

`लेखकाविषयी | साइटचं नाव` हे पहिलं. यात माणूसच नाही. साइटवर तीन लेखक असतील तर तिन्ही पानांचं शीर्षक एकच होतं, आणि अशी सगळीकडे सारखी शीर्षकं गुगल बऱ्याचदा स्वतःच बदलून टाकतं.

`नाव आडनाव, आरोग्य विमा तज्ज्ञ` हे दुसरं. नाव आलं, पण ‘तज्ज्ञ’ कोणी ठरवलं? पदवी, परवाना किंवा नोंदणी यांपैकी काहीतरी मागे उभं असेल तरच हा शब्द वापरावा.

`नाव आडनाव: मेडिक्लेमचा १४ वर्षांचा अनुभव` हे तिसरं. बरं आहे, पण दोन अडचणी आहेत. ‘मेडिक्लेमचा अनुभव’ एजंटालाही असतो, क्लेम नाकारलेल्या ग्राहकालाही असतो आणि टीपीएच्या डॉक्टरलाही. कोणत्या बाजूचा ते कळत नाही. शिवाय वर्षांचा आकडा शिळा होतो. काम करणारा लेखक असेल तर आकडा दर वर्षी बदलावा लागतो, आणि काम थांबलं असेल तर ते कधी थांबलं हे लपतं.

शेवटी राहिलं ते हे:

`नाव आडनाव – रुग्णालयात कॅशलेस क्लेमचं काम, २००९–२०२३`

बाजू कळते, काम कळतं, आणि २०२३ नंतर त्या डेस्कवर नाहीत हेही कळतं. हे शेवटचं काही जणांना कमीपणाचं वाटतं. मला ते या शीर्षकातलं सगळ्यात विश्वासार्ह वाटतं, का ते पुढे सांगतो.

लांबीचं म्हणाल तर गुगल अक्षरांची ठरावीक मर्यादा देत नाही; स्क्रीनच्या रुंदीत मावेल तेवढं दाखवतं आणि उरलेलं कापतं. इंग्रजीसाठी बनवलेली अक्षरं मोजायची साधनं देवनागरीला फसतात, कारण ‘कु’ हे साधन दोन अक्षरं धरतं पण जागा एकाचीच लागते, आणि ‘क्ष’ मोजणीत तीन होतं. त्यामुळे आकड्यावर विसंबू नका. नाव आणि काम पहिल्या अर्ध्यात आणा, साइटचं नाव लावायचंच असेल तर ते शेवटी ठेवा, ते कापलं गेलं तरी बिघडत नाही.

नावाआधी ‘डॉ.’, ‘सीए’ लावायचं असेल तर ते खरोखर त्या व्यवसायाचं असावं. समाजशास्त्रात पीएचडी केलेल्या लेखकाने मधुमेहावरच्या पानाच्या शीर्षकात ‘डॉ.’ लावणं कायद्याने चूक नसेल, पण वाचकाची दिशाभूल मात्र होते. तिथे ‘डॉ.’ काढा किंवा शाखा लिहा.

## वर्णन, आणि पानाचा पहिला परिच्छेद

वर्णनात शीर्षक पुन्हा सांगू नका. शीर्षकाने ‘कोण’ सांगितलं, वर्णनाने ‘काय हाताळलं’ आणि ‘काय नाही’ हे सांगावं. ताईंचं वर्णन असं झालं:

```html
<title>नाव आडनाव – रुग्णालयात कॅशलेस क्लेमचं काम, २००९–२०२३</title>
<meta name="description" content="मुंबईतल्या खासगी रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवर प्री-ऑथचे अर्ज, क्वेरींची उत्तरं आणि डिस्चार्जची बिलं हाताळली. आता त्यावर मराठीत लिहिते. डॉक्टर किंवा विमा एजंट नाही.">
```

‘डॉक्टर किंवा विमा एजंट नाही’ हे वाक्य काढून टाका असा आग्रह मला बऱ्याच जणांनी केला आहे. मी ते ठेवतो. मेडिक्लेमवर लिहिणारा प्रत्येक जण शेवटी पॉलिसी विकणार आहे, अशी वाचकाची खात्रीच असते. ती शंका सर्चच्या निकालातच मिटते. अर्थात हे खरं असेल तरच. साइटवर कुठेही पॉलिसीच्या लिंकमधून कमिशन येत असेल तर हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरं असूनही फसवं ठरतं.

आता अडचण अशी की गुगल हे वर्णन दाखवेलच असं नाही. बहुतेक वेळा निकालाखालचा मजकूर पानातूनच उचलला जातो. तिथलं वाक्य शोधाशी जास्त जुळत असेल तर तेच येतं. म्हणून पानाचा पहिला परिच्छेद वर्णनाशी जुळता ठेवायचा, थोडा जास्त तपशील देऊन. तिथे ‘नमस्कार मित्रांनो, माझ्या पानावर आपलं स्वागत आहे’ असेल तर निकालातही तेच दिसेल. आरोग्य आणि पैशाच्या साइटींवर आणखी एक गोष्ट होते: ‘ही माहिती वैद्यकीय सल्ला नाही’ ही तळाची सूचना प्रत्येक पानावर असते आणि कधीकधी तीच निकालाखाली येऊन बसते. ती सूचना ज्या `div` मध्ये आहे त्याला `data-nosnippet` लावा. पानावर ती दिसत राहते, फक्त निकालासाठी उचलली जात नाही.

स्वतः रुग्ण असण्याचा अनुभव हाही अनुभवच. डायलिसिसवर असलेला माणूस फिस्टुलाच्या हाताची काळजी कशी घेतो, लोकलच्या प्रवासात काय करतो, हे त्याच्याइतकं चांगलं कोणी लिहू शकत नाही, आणि त्याच्या शीर्षकात ‘डायलिसिसवर, २०१८ पासून’ असं जरूर यावं. पण त्याच पानाखाली औषधांच्या मात्रेवर लेख असतील तर शीर्षकातला अनुभव त्या लेखांना पुरत नाही. ते लेख डॉक्टरांनी तपासलेले असावेत, नाहीतर नसावेत.

## अनुभवाची मुदत संपते तेव्हा

ताईंच्या शीर्षकात २०२३ का हवं, त्याचं कारण. २०२४ मध्ये विमा क्षेत्राची नियामक संस्था आयआरडीएआयने आरोग्य विम्याचे नियम बरेच बदलले. आधीपासूनच्या आजारांसाठीचा जास्तीत जास्त प्रतीक्षा काळ चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू असेल तर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. आधी हा काळ आठ वर्षांचा होता. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा, असंही ठरलं.

हे सगळं ताई डेस्क सोडल्यानंतरचं. म्हणजे केसपेपरवरच्या नोंदीबद्दल त्यांचा शब्द प्रमाण, पण ‘तीन तासांत डिस्चार्ज मिळतो का’ यावर त्यांचा प्रत्यक्ष अनुभव शून्य. शीर्षकात नुसतं ‘१४ वर्षं’ असतं तर वाचकाने नव्या नियमांच्या लेखालाही तोच अधिकार दिला असता. म्हणून लेखक-पानाच्या दुसऱ्या परिच्छेदात आम्ही स्पष्ट लिहिलं: २०२४ नंतरचे नियम मूळ परिपत्रक वाचून लिहिलेले आहेत, आणि सध्या डेस्कवर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याकडून तपासून घेतलेले आहेत. तो सहकारी नाव द्यायला तयार नसेल तर ‘तज्ज्ञांकडून तपासलेलं’ असा शिक्का लावू नका. नाव नसलेल्या तज्ज्ञाला वाचकाच्या लेखी काही किंमत नसते.

## साइटच्या ‘आमच्याविषयी’ पानाचं काम वेगळं

लेखक-पान माणसाबद्दल असतं. हे पान जबाबदारीबद्दल. कोण चालवतं, कोण तपासतं, पैसे कुठून येतात, चूक सापडली तर कोणाला कळवायचं. गुगलचे तपासनीसही साइटमागे कोण आहे आणि संपर्क कसा साधायचा हे शोधतात, आणि आरोग्य-पैशाच्या साइटवर ते जास्त कसून पाहतात. ‘आमचं ध्येय’, ‘आमची दृष्टी’ या मथळ्यांखाली यांतलं काही नसतं. शीर्षक सरळ ठेवा: `साइटचं नाव: कोण लिहितं, कोण तपासतं, खर्च कसा चालतो`. वर्णनात त्या तीन प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरं द्या. ‘जाहिरातींवर चालते, विमा कंपन्यांकडून पैसे घेत नाही’ एवढंही पुरतं.

नोंदणी क्रमांक इथे आणि लेखक-पानावर, दोन्हीकडे द्या. डॉक्टर असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. गुंतवणूक सल्लागार असतील तर सेबीचा `INA` ने सुरू होणारा, संशोधन विश्लेषक असतील तर `INH` ने सुरू होणारा. म्युच्युअल फंड विकणाऱ्यांकडे `ARN` हा वितरकाचा नोंदणी क्रमांक असतो, आणि इथे मुंबईत सर्रास होणारी चूक म्हणजे `ARN` असलेल्याने शीर्षकात ‘गुंतवणूक सल्लागार’ किंवा ‘वेल्थ अ‍ॅडव्हायजर’ लिहिणं. सेबीच्या नियमांनुसार सल्लागार म्हणून नोंदणी नसलेल्या वितरकाला असं नाव लावता येत नाही. तिथे ‘म्युच्युअल फंड वितरक’ हेच लिहा. डॉक्टरांनीही जपून लिहावं: रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करण्यावर त्यांच्या आचारसंहितेत बंदी आहे, त्यामुळे ‘मुंबईतील सर्वोत्तम मधुमेहतज्ज्ञ’ हे शीर्षक वाचकाला तर पटत नाहीच, कौन्सिललाही चालणार नाही.

## पानाच्या मागची जोडणी

साइट वर्डप्रेसवर असेल तर लेखक-पान बहुधा आपोआप तयार झालेलं असतं, आणि योस्ट प्लगइनच्या मूळ सेटिंगमुळे त्याचं शीर्षक ‘Author at’ असं इंग्रजी तुकडा घेऊन येतं. मराठी साइटवर ते केविलवाणं दिसतं. लेखकाच्या प्रोफाइलमध्ये जाऊन शीर्षक आणि वर्णन हाताने भरा, आणि लेखक-पानं सर्चमधून वगळलेली नाहीत ना, तेही तिथेच पाहा. एकाच लेखकाच्या साइटवर ती बऱ्याचदा बंद केलेली असतात. पत्त्यात `/author/admin` असेल तर तेही बदला.

मग स्कीमा, म्हणजे पान कोणाचं आणि कशाबद्दल आहे ते सर्चला सांगणारा कोड. लेखकाच्या पानासाठी गुगल ‘प्रोफाइलपेज’ प्रकार वाचतं:

```json
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "ProfilePage",
  "mainEntity": {
    "@type": "Person",
    "name": "नाव आडनाव",
    "jobTitle": "माजी टीपीए डेस्क कर्मचारी",
    "sameAs": ["https://www.linkedin.com/in/..."]
  }
}
```

`name` मध्ये फक्त नाव. ‘डॉ.’, हुद्दा, ‘लेखिका:’ असं काही त्यात घालायचं नाही. हुद्द्यासाठी `jobTitle` आहे, ‘डॉ.’साठी `honorificPrefix`. प्रत्येक लेखाच्या स्कीमात `author` च्या `url` मध्ये याच पानाचा पत्ता द्या. `sameAs` मध्ये तेच पान जोडा जिथे तीच नोकरी, तीच वर्षं दिसतात. ताईंच्या लिंक्डइनवर २०११ लिहिलेलं होतं, कारण त्या वर्षी हुद्दा बदलला होता. आधी ते दुरुस्त केलं, मग जोडलं.

## लागलं की नाही, कसं कळेल?

गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता टाकून पुन्हा तपासणीची विनंती करा. काही दिवस, कधी काही आठवडे जातात. मग फोनवर, लॉगइन नसलेल्या ब्राउझरमध्ये, लेखकाचं नाव आणि विषय एकत्र शोधा: ‘नाव आडनाव मेडिक्लेम’. शीर्षक तुम्ही दिलेलंच दिसतं का?

गुगलने ते बदललं असेल तर आधी पानावरचा मोठा मथळा, म्हणजे `h1`, पाहा. शीर्षकात ‘कॅशलेस क्लेमचं काम’ आणि `h1` मध्ये नुसतं ‘लेखकाविषयी’ असेल तर गुगल गोंधळून स्वतःचं काहीतरी जोडतं. `h1` मध्येही नाव आणि काम आणा. वर्णनाऐवजी भलतंच वाक्य दिसत असेल, तर ते पानावर कुठे आहे ते शोधा. बहुतेक वेळा ते मेन्यूत, तळाच्या सूचनेत किंवा ‘अलीकडील लेख’च्या यादीत सापडतं, आणि पहिला परिच्छेद फार छोटा असतो. तो मोठा केला की प्रश्न बहुधा सुटतो.

सर्च कन्सोलच्या कामगिरी अहवालात फक्त लेखक-पानाचा पत्ता निवडून पाहा की लोक कोणते शब्द टाकून तिथे येतात. नावाचे शोध येत असतील तर पान आपलं काम करतंय. ‘मेडिक्लेम एजंट मुलुंड’ असे शोध यायला लागले, तर समजा की मजकुरात कुठेतरी लेखक विक्रेता असल्याचा भास होतोय, आणि तो शब्द शोधून काढा. ताईंच्या पानावर तो ‘पॉलिसी निवडताना मदत करते’ या एका वाक्यात होता. ते आम्ही ‘क्लेमचे कागद समजावून सांगते’ असं केलं, कारण त्या खरोखर तेवढंच करतात.